प्रमुख पाहुण्यांचा परिचय

शाळेच्या क्रीडादिनी प्रमुख पाहुण्यांचा परिचय दीड मिनिटात संपायला हवा. संचलन करून आलेली मुले तेव्हा उन्हात रांगेत उभी असतात, आणि परिचय लांबला की मागच्या रांगांत चुळबूळ सुरू होते. बहुतेक वेळा तो लांबतो पाहुण्यांनी पाठवलेला परिचयपत्रक जसाच्या तसा वाचल्यामुळे. पदव्या आणि पुरस्कारांची यादी मुलांच्या कानावरून निघून जाते. लक्षात राहतो तो एखादा प्रसंग.

समजा, पाहुण्या धावपटू ललिता बाबर आहेत. सुरुवात त्यांच्या गावापासून करावी: सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले मोही. मग त्यांची शर्यत मुलांना दिसेल अशी सांगावी. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. पदक हुकले, हे लपवू नये. आज शाळेत हरणाऱ्या मुलांना तोच भाग सर्वांत जवळचा वाटेल.

नावाचा उच्चार आणि सध्याचे पद आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. जुने पद वाचले गेले तर पाहुणे आणि यजमान दोघेही अवघडतात. सुरुवातीला नाव घेतले असले तरी शेवटी ते पुन्हा पूर्ण, स्पष्ट उच्चारावे आणि लगेच थांबावे, म्हणजे टाळ्या नेमक्या त्या नावावर पडतात.