‘वेग तोच’ असं लिहिण्याआधी

तालुक्याच्या एका गावात घरोघरी इंटरनेट देणारे एक काका जाहिरातीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा ओळ ते स्वतःच लिहून घेऊन आले होते : ‘सुसाट वेग, अखंड इंटरनेट!’ ग्राहक कोण, असं विचारल्यावर म्हणाले, ‘‘घरून ऑनलाइन क्लास घेणाऱ्या बाई आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करणारी पोरं आहेत. त्यांना पटेल असं काहीतरी लिहा.’’

मी म्हटलं, ‘‘मग ‘सुसाट’ आधी काढू. या लोकांना सुसाट नकोय.’’

त्याचं कारण सरळ आहे. आपण सिनेमा बघतो तेव्हा पुढची काही मिनिटं मोबाइलमध्ये आधीच उतरलेली असतात. मधे दोन-चार सेकंद लाइन अडखळली तरी पडद्यावर पत्ता लागत नाही. बाईंच्या क्लासमध्ये ही सोय नाही. जे वाक्य अजून त्यांच्या तोंडातून निघालेलंच नाही, ते आधी उतरवून कसं ठेवणार? शब्द निघाला की लगेच पोचला पाहिजे, आणि त्यामागचा शब्दही तेवढ्याच वेळात. एक लवकर आणि दुसरा उशिरा आला की आवाज तुटतो, चेहरा थिजतो आणि पोरं म्हणतात, ‘‘मॅडम, परत सांगा ना.’’

अशा व्हिडिओ कॉलला वेग किती लागतो? जाताना-येताना साधारण २ ते ३ एमबीपीएस. म्हणजे १०० एमबीपीएसची योजना घेणाऱ्या बाईंकडे गरजेच्या कितीतरी पट वेग कागदावर असतो. तरीही आवाज तुटत असेल, तर दुखणं वेगात नाही, वेगाच्या चढउतारात आहे. वेगाची चाचणी घेतली की आकडा छान ९५ दिसतो, कारण ती चाचणी काही सेकंदांत आटोपते. तास-दीड तासाच्या क्लासमध्ये काय झालं, ते तिला दिसत नाही.

म्हणून काकांना एक साधी मोजणी करायला सांगितली. लॅपटॉप वाय-फायवर न ठेवता केबलने राउटरला जोडायचा आणि ही आज्ञा द्यायची :

```
ping -n 300 8.8.8.8
```

लॅपटॉप सेकंदाला एक हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते ओळीने लिहून दाखवतो. पाचेक मिनिटं हे चालतं. दुपारी ४ वाजता काकांच्या लाइनवर आकडे आले १५, १६, १५, १७ मिलिसेकंद, अगदी एका रांगेत. सोमवारी सकाळी ११ वाजता मात्र १६, १८, १९०, २२, ३४० आणि मधेच `Request timed out`, म्हणजे उत्तरच नाही. चढउतार ३० मिलिसेकंदांच्या वर जायला लागला की बोलण्यात तो जाणवू लागतो. इथे तर तो शेकड्यांत होता. बाईंच्या तक्रारीही त्याच वेळच्या होत्या.

कारण शोधायला कागद-पेन्सिल पुरली. काकांचे ग्राहक ६००, प्रत्येकाची योजना १०० एमबीपीएसची. म्हणजे एकूण विकलेला वेग ६०,००० एमबीपीएस. काकांनी वरून घेतलेली लाइन मात्र १,००० एमबीपीएसची. यात फसवणूक नाही. सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग कधीच वापरत नाहीत, म्हणून धंदा असाच चालतो. प्रश्न फक्त गर्दीच्या वेळेचा असतो. सोमवारी ११ वाजता दीडशे घरांत कॉल चालू असतील, तर ३ प्रमाणे ४५० एमबीपीएस गेले. आणखी शंभर घरांत व्हिडिओ चालू असतील, तर ५ प्रमाणे ५०० गेले. झाले ९५०. त्यात दोन पोरांनी एखादा मोठा गेम उतरवायला घेतला की दोघं मिळून २०० मागणार, आणि लाइन भरली. मग प्रत्येकाचे शब्द रांगेत उभे राहतात. रांग लांबली की उशीर आणि रांगेत जागाच उरली नाही की शब्द गळून पडतात. त्या `Request timed out`चा अर्थ तोच.

काकांना वाटत होतं, गल्लीतली फायबरची तार कमी पडत असेल. तिथे अडचण नव्हती. त्यांनी टाकलेल्या फायबरच्या एका शाखेवर ३२ घरं असतात आणि त्या शाखेत सुमारे २,५०० एमबीपीएस खाली येऊ शकतात, त्याच्या निम्मे वर जाऊ शकतात. बत्तीस घरांत एकाच वेळी कॉल चालले तरी १०० एमबीपीएससुद्धा भरत नाहीत. खरी कमतरता वरून घेतलेल्या लाइनची होती. काकांनी ती दुप्पट केली. पुढचे दोन आठवडे सकाळी ११ आणि रात्री ९ वाजता मोजणी केली, तेव्हा आकडे रांगेत राहिले. त्यानंतरच मी ओळ लिहायला बसले.

‘अखंड’ हा शब्द तेव्हाही ठेवता येत नव्हता. वीज गेली की घरातला राउटर बंद पडतो, रस्ता खोदताना जेसीबीने तार तोडली की अख्खी गल्ली बंद पडते. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नये. हाती होतं ते एवढंच : लाइन चालू असताना गर्दीच्या वेळीही वेग ढळणार नाही. म्हणून ओळ झाली :

‘क्लास असो, कॉल असो, वेग तोच.’

‘तोच’ हा शब्द लहान आहे, पण सगळा भार त्याच्यावर आहे. त्याखाली बारीक टीप हवी, यावर आमचं एकमत होतं. काका म्हणाले, ‘‘टिपेत ‘किमान ५० एमबीपीएस’ लिहू, म्हणजे सुरक्षित.’’ मी नाही म्हटलं. १०० विकून ५० दिले तर तो वेग ‘तोच’ कसा? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात : टीप मूळ दावा समजावू शकते, खोडू शकत नाही. दावा मराठीत असेल तर टीपही मराठीतच हवी. ब्रिटनमध्ये तर २०१८पासून ब्रॉडबँडच्या जाहिरातीत जो आकडा छापायचा, तो रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळेत निदान निम्म्या ग्राहकांना मिळत असावा लागतो. आधी दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे.

शेवटी टीप अशी छापली : ‘१०० एमबीपीएस योजनेवर सकाळी ९ ते रात्री १० किमान ९० एमबीपीएस, येताना आणि जाताना दोन्हीकडे. केबलने जोडलेल्या संगणकावर मोजलेला वेग.’ ‘जाताना’ मुद्दाम घातलं, कारण बाईंचा चेहरा आणि आवाज घरातून बाहेर जातो आणि काही योजनांत जाण्याचा वेग बराच कमी असतो. ‘केबलने’ घातलं, कारण दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वाय-फाय कमी पडलं तर तो दोष लाइनचा नसतो.

तुमच्या घरच्या जाहिरातीतली ओळही अशीच तपासता येईल. गर्दीच्या वेळी लॅपटॉप केबलने जोडा, वरची आज्ञा द्या आणि आकडे एका रांगेत राहतात का ते बघा. काकांच्या बाई आता दर सोमवारी ११ वाजता स्वतःच हे बघतात. आकडा उडाला की काकांना फोन जातो, आणि काका तो उचलतात.