शिळं चालेल, उपाशी नको

एखादी वेबसाइट बंद पडली की पडद्यावर पुष्कळदा 502 किंवा 504 असा आकडा येतो. यातली गोम अशी, की हा आकडा दाखवणारं यंत्र स्वतः ठणठणीत असतं. आजारी असतो तो त्याच्या मागे बसलेला सर्व्हर, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढून पान तयार करणारा. कित्येकदा तर तुम्ही मागितलेलं पान दोन मिनिटांपूर्वी त्या पुढच्या यंत्राच्या हातून दुसऱ्या कुणाला गेलेलं असतं आणि त्याची प्रत तिथेच डिस्कवर पडलेली असते. तरीही तुमच्या वाट्याला 502 येतो, कारण ती प्रत शिळी झालेली असते आणि शिळं वाढायची परवानगी त्या यंत्राला कुणी दिलेली नसते.

ही परवानगी देण्याची सोय 2010पासून आहे. त्या वर्षी मे महिन्यात मार्क नॉटिंगहॅम यांनी, ते तेव्हा याहूत होते, आरएफसी 5861 हा छोटासा दस्तऐवज लिहिला. एचटीटीपी उत्तराबरोबर जाणाऱ्या `Cache-Control` या हेडरमध्ये त्यांनी दोन शब्दांची भर घातली: `stale-while-revalidate` आणि `stale-if-error`. पहिल्याचा अर्थ, ‘ताजं आणायला माणूस पाठवलाय, तोवर शिळं वाढ’. दुसऱ्याचा अर्थ, ‘ताजं मिळालंच नाही तर शिळं वाढ’. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, आणि तिथेच लोक फसतात.

आधी पुढच्या यंत्राविषयी. त्याला कॅश म्हणतात. रोकडीशी त्याचा संबंध नाही. हा साठा तुमच्या ब्राउझरमध्ये असतो, सीडीएनच्या शहरोशहरीच्या केंद्रांत असतो, किंवा साइटवाल्यानेच दारात बसवलेल्या एनजिनएक्ससारख्या सर्व्हरमध्ये असतो. मागचा सर्व्हर पान देताना सांगतो, ‘हे 60 सेकंद ताजं समज’. ते सांगणं म्हणजे `max-age=60`. तेवढ्या वेळात कॅश मागे वळूनही बघत नाही. एकसष्टाव्या सेकंदाला कुणी पान मागितलं की मात्र तिला मागे जाऊन विचारावं लागतं: माझ्याकडे ही प्रत आहे, बदललीय का? बदललेली नसेल तर मागचा सर्व्हर नुसतं 304 म्हणतो, पान पुन्हा पाठवत नाही, आणि जुनीच प्रत पुन्हा ताजी ठरते. शिळ्या कढीला ऊत आणायचा हा एकमेव प्रतिष्ठित प्रकार असावा. पण ही चौकशी होईपर्यंत वाचक ताटकळतो, आणि मागचा सर्व्हर कोसळलेला असेल तर वाचकाला चुकीचा निरोप जातो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बाजारभाव दाखवणारी एक साइट आहे आणि तिच्या पानाबरोबर हे हेडर जातं:

```
Cache-Control: max-age=60, stale-while-revalidate=300, stale-if-error=86400
```

सगळे आकडे सेकंदांत आहेत. दुसरा आणि तिसरा आकडा पान आणल्यापासून मोजायचा नाही. ताजेपणा संपल्या क्षणापासून मोजायचा.

सकाळी ठीक 11 वाजता कॅशने पान आणलं. 11:01पर्यंत ते ताजं. नेहमीच्या दिवशी काय होईल? 11:01:20ला एक वाचक येतो. प्रत 80 सेकंदांची, म्हणजे शिळी, पण पाच मिनिटांच्या सवलतीत बसणारी. कॅश ती लगेच वाढते आणि त्याच वेळी मागच्या दाराने ताजी प्रत आणायला जाते. दोन सेकंदांनी ती येते. 11:01:25ला येणारा दुसरा वाचक ताजे भाव बघतो. थांबावं कुणालाच लागलं नाही. पहिल्याला फक्त 20 सेकंद जास्त जुने भाव दिसले. इथे एक बारकावा आहे. ताजं आणायची आठवण कॅशला वाचक आल्यावरच होते, ती आपणहून घड्याळ लावून बसत नाही. दिवसाला चार वाचक येणाऱ्या पानावर पाच मिनिटांची सवलत जवळजवळ कुणाच्याच कामी येत नाही.

आता वाईट दिवस. 11:00:30ला डेटाबेस बसला. 11:01पर्यंत कुणाला पत्ताही नाही. 11:01 ते 11:06 या वेळात प्रत्येक वाचकाला 11 वाजताचं पान तत्काळ मिळतं. मागच्या दाराने गेलेली चौकशी दरवेळी हात हलवत परत येते, पण ते वाचकाला दिसत नाही. 11:06ला पहिली सवलत संपते आणि दुसरी पुढे येते. तिचा नियम वेगळा आहे. आता कॅशने आधी मागे जाऊन विचारलंच पाहिजे, आणि तिथून 500, 502, 503 किंवा 504 आलं, किंवा जोडणीच झाली नाही, तरच जुनी प्रत द्यायची. ही सवलत दुसऱ्या दिवशी 11:01पर्यंत चालते. दुपारी 12:20ला डेटाबेस सुरू झाला की त्यानंतरचा पहिला वाचक जरा थांबेल, पण त्याला ताजं पान मिळेल.

आधी विचारायचं आणि मग द्यायचं, या क्रमात खरी मेख आहे. मागचा सर्व्हर साफ मेला असेल तर जोडणी क्षणात नाकारली जाते आणि वाचकाला काही कळत नाही. पण सर्व्हर असे साफ मरतात थोडे. बहुतेक वेळा ते आचके देत राहतात. जोडणी घेतात आणि गप्प बसतात. अशा वेळी कॅश किती थांबणार? एनजिनएक्समध्ये `proxy_read_timeout` बदललं नसेल तर 60 सेकंद. म्हणजे 11:06नंतर आलेला वाचक मिनिटभर कोरा पडदा बघणार, आणि मग त्याला जुनं पान मिळणार. कागदोपत्री साइट चालू, व्यवहारात बंद. माझ्या मते `stale-if-error` लिहून ही मर्यादा तशीच ठेवणं म्हणजे छत्री घेऊन ती पिशवीतच ठेवणं. मागचा सर्व्हर एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर देत असेल, तर तीन सेकंदांहून जास्त थांबण्यात अर्थ नाही. किंवा मग `stale-while-revalidate`चाच आकडा मोठा ठेवावा, कारण वाचकाला अजिबात न थांबवणारी सवलत ती एकच. त्याची किंमत अशी, की बऱ्याच वेळाने येणाऱ्या पहिल्या वाचकाला तेवढं जुनं पान दिसेल. बाजारभावाला हे परवडत नाही, संस्थेच्या इतिहासाच्या पानाला परवडतं.

एनजिनएक्स हे दोन्ही शब्द 1.11.10 या आवृत्तीपासून ओळखतो. पण मागच्या दाराने ताजं आणण्यासाठी `proxy_cache_background_update` वेगळं चालू करावं लागतं; एरवी ते बंद असतं आणि एक वाचक ताटकळतोच. याहून छुपा खड्डा `inactive` नावाच्या मर्यादेत आहे. ज्या प्रतीला दहा मिनिटांत कुणी हात लावला नाही, ती एनजिनएक्स सरळ फेकून देतो, मग हेडरमध्ये 86400 लिहिलेलं असो की काही असो. हेडर ही नुसती परवानगी आहे, प्रत जपून ठेवण्याची हमी नाही. गर्दीच्या पानांच्या प्रती टिकतात, आणि आडबाजूची पानं संकटात पहिली जातात.

काही चुका मात्र मागच्या सर्व्हरच्या गोडबोलेपणाच्या असतात. एका जुन्या कामात आमचा सर्व्हर डेटाबेस सापडला नाही की ‘क्षमस्व, थोड्या वेळाने या’ असं नेटकं पान पाठवायचा, आणि वर शिक्का मारायचा 200, म्हणजे सगळं ठीक! कॅशने ते इमानेइतबारे ताजं पान म्हणून ठेवलं आणि चांगली प्रत टाकून दिली. डेटाबेस आठ मिनिटांत उठला, क्षमस्व मात्र तासभर झळकत राहिलं. त्या पानावर 503 असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कुणी सावधगिरी म्हणून `must-revalidate` हा शब्दही हेडरमध्ये टाकून ठेवला असेल, तर शिळ्याची परवानगी तिथेच रद्द होते. जुन्या सेटिंगमधून आलेला हा शब्द मी अनेक ठिकाणी पाहिलाय.

या सोयीच्या हद्दी उघड आहेत. खात्यातली शिल्लक, गुणपत्रिका, असं ज्याचं त्यालाच दिसायला हवं ते सामायिक कॅशमध्ये ठेवायचंच नसतं. फॉर्म भरणं, पैसे देणं चालणार नाही; वाचणं तेवढं चालेल. आणि कॅशच कोसळली तर काय? 8 जून 2021ला फास्टली या सीडीएन कंपनीच्या जाळ्यातला दडलेला दोष एका ग्राहकाच्या साध्याच सेटिंग-बदलाने जागा झाला आणि ‘द गार्डियन’पासून ब्रिटिश सरकारच्या साइटपर्यंत अनेक साइट दिसेनाशा झाल्या. मागचे सर्व्हर धडधाकट होते. शिळ्या प्रती ज्या यंत्रांत होत्या, तीच यंत्रं चुकीचे निरोप देत होती.

ब्राउझरांबद्दल थोडक्यात: क्रोम आणि फायरफॉक्स यांनी पहिला शब्द 2019मध्ये स्वीकारला. दुसऱ्याचं काम मुख्यतः मधल्या कॅशवरच पडतं.

या सोयीचा सगळ्यात मोठा धोका हा, की ती फार चांगली चालते. मागचा सर्व्हर अकरा वाजता पडला तरी वाचकांची तक्रार येत नाही, पहारा ठेवणारा प्रोग्रॅमही पान उघडून ‘ठीक’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी 11:01ला सगळंच एकदम आडवं होतं. म्हणून पहारा पानावर नको, मागच्या सर्व्हरवर हवा. उत्तरातल्या `Age` या हेडरवर नजर ठेवावी. ताजेपणा 60 सेकंदांचा आणि `Age` 9000 असेल, तर मागे कुणीतरी अडीच तासांपासून झोपलंय. एनजिनएक्समध्ये `$upstream_cache_status` लॉगमध्ये लिहून घेता येतं. त्यात `UPDATING` दिसलं तर नेहमीची ताजं आणण्याची धावपळ चाललीय, आणि `STALE` अधूनमधून दिसणं नेहमीचंच, पण ते सतत दिसू लागलं तर मागून चुका येत असाव्यात. आणि भावाच्या पानावर ‘हे भाव 11 वाजताचे’ असं छापलेलं हवंच. शिळं वाढताना ते शिळं आहे हे पाहुण्याला कळलं पाहिजे.

तुमची स्वतःची साइट असेल, तर कमी वर्दळीच्या वेळी एकदा मागचा सर्व्हर बंद करून बघा. पण लगेच पान उघडून खूश होऊ नका. वरच्या हेडरप्रमाणे पहिली सहा मिनिटं फक्त पहिल्या सवलतीची परीक्षा होते. सातव्या मिनिटाला उघडा. मग सर्व्हर सुरू करून पान एकदा ताजं होऊ द्या, आणि तो बंद न करता `kill -STOP`ने नुसता गोठवा. पुन्हा सात मिनिटं थांबा, पान उघडा, आणि ते यायला किती सेकंद लागतात ते मोजा.