परदेशातला घरमालक आणि भाडेकरूने कापलेला कर

कोथरूडमधला एक फ्लॅट महिना ५०,००० रुपये भाड्याने दिलेला आहे आणि मालक जर्मनीत नोकरी करतो, असं धरू. मालकाच्या एनआरओ खात्यात दरमहा जमा होतात फक्त ३४,४०० रुपये. उरलेले १५,६०० भाडेकरूने टीडीएस म्हणून कापलेले असतात. घरमालक अनिवासी असला की भाड्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापावेच लागतात. भाडं कितीही कमी असलं तरी सवलत नाही. अनिवासी कोण, हे पासपोर्टवर ठरत नाही. त्या वर्षात भारतात किती दिवस राहणं झालं, यावर ठरतं.

कापला जातो तो पूर्ण भाड्यावर, पण खरा कर बसतो तो बऱ्याच वजावटींनंतर उरलेल्या रकमेवर. रिटर्न भरायचं ते या फरकासाठी. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडू. वर्षाचं भाडं ६,००,००० रुपये. मालकाने महापालिकेला भरलेला मिळकतकर २०,००० वजा केला की ५,८०,००० राहतात. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १,७४,००० रुपये दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट वजा होतात. पावती कोणी मागत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र वेगळा वजा होत नाही, तो याच ३० टक्क्यांत आला. उरले ४,०६,०००. एनआरओ खात्यावर १४,००० व्याज मिळालं असेल, तर एकूण उत्पन्न ४,२०,०००.

नव्या करप्रणालीत पहिले ४ लाख करमुक्त आहेत. वरच्या २०,००० वर ५ टक्क्यांनी १,००० आणि उपकर ४०, असा कर झाला १,०४० रुपये. भाडेकरूने वर्षभरात कापलेले १,८७,२०० आणि बँकेने व्याजावर कापलेले ४,३६८ आधीच सरकारजमा आहेत. म्हणजे एक लाख नव्वद हजारांहून जास्त रक्कम परत मिळायला हवी. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. १२ लाखांपर्यंत कर नाही, ही बातमी अनिवासींना लागू होत नाही, कारण त्यामागची करसूट फक्त निवासींसाठी आहे.

हे पैसे अडकतात ते बहुधा भाडेकरूच्या कागदपत्रांत. त्याने टॅन क्रमांक काढायचा, कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा आणि दर तिमाहीला फॉर्म २७क्यू दाखल करायचा. घर भाड्याने घेणाऱ्या साध्या नोकरदारावर कायद्याने कंपनीच्या अकाउंट्स खात्याचं काम टाकलं आहे, असं माझं मत. मग काही जण सोपी वाट धरतात: निवासी मालकासाठीचा २६क्यूसी फॉर्म भरून २ टक्के कापतात. ते चुकीचं आहे आणि राहिलेल्या कराची व व्याजाची जबाबदारी भाडेकरूवरच येते. काही जण कर भरतात, पण २७क्यू भरतच नाहीत किंवा त्यात मालकाचा पॅन चुकवतात. अशा वेळी कापलेला कर मालकाच्या २६एएसमध्ये दिसत नाही आणि परतावा अडतो. उपाय एकच: भाडेकरूने राहिलेलं विवरणपत्र भरायचं किंवा दुरुस्ती विवरणपत्र दाखल करायचं. उशिरासाठी दिवसाला २०० रुपये शुल्क असतं, म्हणून लवकर सांगितलेलं बरं.

जानेवारी ते मार्चचं २७क्यू भरायची मुदत ३१ मे असते. त्यामुळे एप्रिलमध्येच घाईने रिटर्न भरलं तर शेवटच्या तिमाहीचा कर सुटण्याचा धोका असतो. जूनच्या मध्यापर्यंत थांबून भाडेकरूकडून चारही तिमाहींचे फॉर्म १६ए घ्यावेत, ते २६एएसशी ताडून पाहावेत आणि मग ३१ जुलैच्या आत आयटीआर-२ भरावा. निवासींचा सोपा आयटीआर-१ अनिवासींना चालत नाही. परतावा हवा ते खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं. एनआरओ खातं चालतं. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते. आधारशी जोडलेला भारतीय मोबाइल बंद पडलेला असेल तर नेट बँकिंगने करता येते, नाहीतर सही केलेली पावती टपालाने बंगळुरूला पाठवावी लागते. रिटर्न वेळेत असेल तर परताव्यावर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, पण ते व्याजही करपात्र असतं.

हजार रुपयांच्या करासाठी पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम वर्ष-दीड वर्ष अडकून राहणं टाळता येतं. त्यासाठी मालकाने आयकर खात्याकडे कमी दराने कर कापण्याचं प्रमाणपत्र मागायचं असतं. अर्ज ऑनलाइन होतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुना क्रमांक शोधत बसू नका. अर्ज मात्र आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच करा, कारण प्रमाणपत्र पुढच्या भाड्याला लागू होतं. आधी कापून गेलेल्या पैशांसाठी रिटर्न भरण्याला पर्याय नाही.