अंधेरी सबवे तुंबला तर दुचाकीवरून घरी कसं जायचं?

मुंबईत जोराचा पाऊस सुरू झाला की थोड्याच वेळात बातमी येते, 'अंधेरी सबवे वाहतुकीसाठी बंद'. मग अंधेरी पूर्वेला ऑफिस आणि पश्चिमेला घर असलेल्या दुचाकीस्वाराने काय करायचं?

सबवेच का तुंबतो?

हा रस्ता रेल्वे रुळांखालून जातो, म्हणजे आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोल आहे. पाणी उताराने तिथेच जमा होतं. ते पंपाने उपसलं तरी पुढे नाल्यातूनच जाणार, आणि नाला खाडीला मिळतो. समुद्राला मोठी भरती असेल तर नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही. त्यामुळे कधी कधी पाऊस थांबल्यावरही सबवे भरलेलाच राहतो.

म्हणून निघण्याआधी पावसासोबत भरतीची वेळही बघा. समजा, संध्याकाळी साडेपाचला साडेचार मीटरहून मोठी भरती आहे आणि पाऊस सुरूच आहे. तर सहाला निघण्यापेक्षा आठला निघणं बरं, कारण तोवर ओहोटी लागलेली असते.

मग कुठून जायचं?

नियम सोपा आहे : रूळ ओलांडायचे ते वरून. अंधेरीत त्यासाठी स्टेशनच्या दक्षिणेला गोखले पूल आहे. पूल उतरून एस. व्ही. रोडच्या चौकात यायचं नसेल, तर जोडलेल्या बर्फीवाला उड्डाणपुलावरून थेट जुहूच्या दिशेने जाता येतं. सांताक्रूझला मिलन सबवेऐवजी मिलन उड्डाणपूल वापरा.

मॅपवर सबवेचा रस्ता जवळचा दिसला तरी तो उघडा आहे असं समजू नका. वाहतूक पोलिसांच्या @MTPHereToHelp या एक्स हँडलवर बंद रस्त्यांची माहिती मिळते.

वाटेत पाणी लागलंच तर?

फुटपाथची कड दिसेनाशी झाली असेल तर गाडी पुढे घालू नका, मागे वळा. समोरची बस पार झाली म्हणून स्कूटर जाईलच असं नाही. बसच्या लाटेनेही स्कूटरमध्ये पाणी शिरू शकतं.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि इंजिनातला रॉड वाकू शकतो. गाडी ढकलत उंचावर न्या आणि मेकॅनिकला दाखवा.

मात्र रस्ताच दिसत नसेल तर गाडी सोडून पाण्यातून चालतही जाऊ नका. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एक नामवंत डॉक्टर पाण्यात अडकलेली कार सोडून घराकडे चालत निघाले होते. पाण्याखालचं उघडं मॅनहोल त्यांना दिसलं नाही. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्यावर त्यांचा मृतदेह सापडला.

अशा वेळी ऑफिसमध्ये किंवा जवळच्या उंच जागी दोन तास थांबणं हाच घरी पोहोचण्याचा खात्रीचा रस्ता असतो.