उत्तरपत्रिकेची छायाप्रत टाइप करताय? आधी शाई कोणाची ते ठरवा

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहिती अधिकारात मान्य केला. राज्य मंडळही दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना छायाप्रत देते. ती शिक्षकांना दाखवण्यासाठी अनेक जण टाइप करून घेतात आणि इथेच घोळ होतो. मूळ पत्रिकेत परीक्षकाची लाल शाई चटकन ओळखू येते, पण काळ्या-पांढऱ्या प्रतीत सगळेच काळे!

म्हणून प्रत्येक ओळीआधी ती कोणाची आहे, ते लिहा. 'वि' म्हणजे विद्यार्थी, 'प' म्हणजे परीक्षक. खोडलेला मजकूर गाळू नका, `~~` या चिन्हांमध्ये ठेवा. प्रश्न क्रमांक पत्रिकेत जसा आहे तसाच टाइप करा. तो चुकीचा वाटला, तर तुमचा अंदाज चौकटी कंसात द्या. शुद्धलेखनही सुधारू नका. न लागणारा शब्द `[अवाच्य]`.

समजा, प्रश्न ३ मध्ये अ, आ, इ असे तीन उपप्रश्न आहेत. 'अ'ला २ गुण, 'आ'ला १ आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्यात ३. बेरीज बरोबर. पण 'इ' विद्यार्थ्याने मागाहून, पान ११ वर लिहिला आहे:

```
[पान ७] प्र. ३ आ
वि: ~~वेग वाढतो~~ वेग कमी होतो
प: ✓ १
[पान ११] प्र. ३ इ
वि: (सहा ओळींचे उत्तर)
?: पानभर तिरकी रेघ
प: गुण नाही
```

आता सगळा प्रश्न त्या तिरक्या रेघेचा. विद्यार्थ्याने स्वतः उत्तर खोडले असेल, तर गुण न मिळणे समजण्यासारखे आहे. खोडले नसेल, तर ते तपासायचेच राहिले असण्याची शक्यता आहे. रेघ नीट पाहा. विद्यार्थी सहसा अक्षरांवरूनच रेघ मारतो आणि मजकूर संपला की थांबतो. परीक्षकाची रेघ अनेकदा समासातून निघून खालची कोरी जागाही कापत जाते, कारण उरलेले पान बंद करणे हा तिचा हेतू असतो. शेजारच्या 'बरोबर'च्या खुणेशी रेघेची जाडी ताडून पाहा. मात्र झेरॉक्समध्ये जाडी बदलते, त्यामुळे हा पुरावा दुय्यमच. ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह तसेच राहू द्या. टाइप करणाऱ्याने निकाल द्यायचा नसतो.

हा फरक अर्ज करताना कामी येतो. बेरीज चुकली किंवा उत्तर तपासायचे राहिले, तर गुणपडताळणी. उत्तर तपासले, पण गुण कमी वाटतात, तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. वरच्या उदाहरणात 'आ'चा १ गुण कमी वाटणे ही दुसऱ्या प्रकारची तक्रार, 'इ' मात्र पहिल्या. टाइप करताना खोडलेले 'वेग वाढतो' रेघेविना उतरले असते, तर शिक्षकांना 'आ'मध्ये दोन परस्परविरोधी उत्तरे दिसली असती.

शेवटी मुखपृष्ठावरचा तक्ता वेगळा टाइप करा आणि आतल्या पानांवरचे गुण त्याच्याशी जुळवा. पुरवण्यांची पाने विसरू नका.