नाव पुकारण्याआधीची हजेरी

गेल्या वर्षी पौडला आमच्या बचत गटांचा सांस्कृतिक कार्यक्रम झाला, तेव्हा आम्ही सगळ्यांना एकच निरोप दिला होता, “दुपारी चारला या.” चारला आलेली लहान मुलं आठ वाजता नटलेल्या कपड्यांतच सतरंजीवर झोपून गेली. मंगळागौरीचं नाव तीनदा पुकारलं, पण दोघी जणी प्रेक्षकांत जाऊन बसल्या होत्या. वेळ सरकत गेली आणि दहा वाजले. दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही. शेवटी ठेवलेल्या लेझीमच्या मुली महिनाभर सराव करून तशाच घरी गेल्या. त्या मुलींचे चेहरे आम्ही विसरलो नाही, म्हणून यंदा बोलावण्याच्या वेळा नीट आखल्या.

पहिली गोष्ट, वेळ उलटी मोजायची. मंगळागौरीचा गट बारा जणींचा होता आणि मंचावर जायचं होतं सव्वाआठला. पंधरा मिनिटं आधी, म्हणजे आठला, त्या विंगेत हव्यात. नऊवारी नेसवायला एकीला साधारण पंधरा मिनिटं लागतात. नेसवणाऱ्या दोघी, म्हणजे सहा फेऱ्या, दीड तास झाला. म्हणून नेसवायला सुरुवात साडेसहाला. खोपा आणि गजरा वाट पाहणाऱ्या जणी एकमेकींना घालतात, त्याला वेगळी वेळ धरली नाही. हजेरी आणि सामान ठेवायला पंधरा मिनिटं, आणि कोळवणहून येणारी गाडी चुकली तर म्हणून आणखी अर्धा तास. असं मोजून त्यांना पावणेसहाला बोलावलं.

लहान मुलांना झोप येते, म्हणून त्यांचा नाच सव्वासातला, अगदी सुरुवातीला ठेवला. कपडे घरूनच घालून यायचे, इथे फक्त रंगभूषा. त्यांना सहाला बोलावलं. लेझीमच्या मुलींना तयारी फारशी नसते. त्यांची वेळ सव्वानऊची, म्हणून त्यांना सव्वाआठला बोलावलं. आधी बोलावून बसवून ठेवलं असतं, तर त्या दमल्या असत्या आणि खोलीही भरली असती.

दुसरी गोष्ट जागेची. शाळेत आम्ही तीन जागा ठरवल्या. फाटकाजवळ हजेरीचं टेबल, एका वर्गात तयारी आणि मंचाच्या बाजूला विंग. विंगेत एका वेळी एकच गट, तो म्हणजे पुढचा. दोन गट एकत्र उभे राहिले की गोंगाट ध्वनिवर्धकातून ऐकू येतो आणि घाईत कुणाचे तरी पैंजण दुसऱ्याच्या पिशवीत जातात. तयार झालेल्या गटाने प्रेक्षकांत जायचं नाही, वर्गातच बसायचं. त्यासाठी तिथेच पिण्याचं पाणी ठेवलं आणि स्वच्छतागृहाची वाट दाखवली. नाहीतर बायका त्याच कामासाठी बाहेर पडतात आणि परत येत नाहीत.

तिसरी गोष्ट हजेरीची वही. गटप्रमुखाला विचारलं, “सगळ्या आल्या का?” तर ती म्हणते, “आल्याच आहेत.” दोघी अजून गाडीत असतात. म्हणून वहीत गटाचं नाही, प्रत्येकीचं नाव लिहायचं. समोर तीन रकाने: आली, तयार, विंगेत. आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावरच खूण करायची. वही एकीच्याच हातात असू द्यावी. दोघींच्या हातात असली की दोघींना वाटतं, दुसरीने पाहिलं असेल.

आता खरी कसोटी. मंचाच्या अर्धा तास आधी, पावणेआठला, वही पाहिली. बारापैकी दहा जणींच्या नावापुढे खूण होती, दोघी रस्त्यात होत्या. अशा वेळी वाट पाहायची नाही. भारूडाचा सहा जणींचा गट आम्ही मुद्दाम राखीव ठेवला होता. त्यांना वेगळी नेसणूक नव्हती आणि त्या सातलाच हजर होत्या. निवेदिकेला चिठ्ठी गेली, भारूड आधी आणि मंगळागौर साडेआठला. प्रेक्षकांना काही कळलंही नाही. मात्र हा बदल करण्याचा अधिकार एकीलाच असावा. ती वही सांभाळणारीच असली तर उत्तम.

मुलांसाठी एक रकाना जास्त होता, ‘कुणी नेलं’. ज्या माणसाने सोडलं तोच न्यायला आला का, ते पाहून सही घेतली. कार्यक्रम संपण्याच्या गर्दीत मूल चुकण्याची भीती सर्वांत जास्त असते.

यंदा लेझीम सव्वानऊला सुरू झालं आणि साडेनऊला संपलं. तुमच्या गावात कार्यक्रम असेल तर आधी शेवटच्या गटाची वेळ लिहा, मग उलटं मोजत पहिल्यापर्यंत या.