‘शिकाऊ’चा ‘ऑफिसर’ करू नका

एखाद्या सहकारी दूध संघाचा दाखला डोळ्यांसमोर आणा. ‘सदर उमेदवाराने गुणनियंत्रण विभागात शिकाऊ उमेदवार म्हणून एक वर्ष काम केले. दूध नमुन्यांची फॅट व एसएनएफ तपासणी करण्यास साहाय्य केले. दरमहा विद्यावेतन अदा करण्यात आले.’ खाली सही आणि गोल शिक्का. हाच कागद परदेशातल्या कंपनीसाठी इंग्रजीत करायचा, की उमेदवाराचा ‘क्वालिटी कंट्रोल ऑफिसर’ होतो, विद्यावेतनाची ‘सॅलरी’ होते आणि ‘साहाय्य केले’च्या जागी ‘मॅनेज्ड’ येते.

तीनही शब्द चूक आहेत. शिकाऊ उमेदवार म्हणजे ‘ॲप्रेंटिस’. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याला प्रशिक्षणार्थी मानतो, कामगार नव्हे. म्हणून विद्यावेतनाला ‘स्टायपेंड’च म्हणायचे. साहाय्याला ‘असिस्टेड इन टेस्टिंग’ पुरते, आणि ते कमी मुळीच नाही. वर्षभर रोज नमुने हाताळणारा मुलगा काय शिकला असेल, ते दुग्धव्यवसायातल्या माणसाला बरोबर कळते. उलट कंपनीने दूध संघाकडे चौकशी केली आणि तिथून ‘तो आमच्याकडे शिकाऊ होता’ असे उत्तर गेले, तर खरे शिक्षणही संशयात सापडते.

कार्यमुक्तीचा आदेश याहून फसवा असतो. ‘दि. ५/४/२०२३ रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे’ या वाक्याचे ‘टर्मिनेटेड’ केले, तर माणसाला काढून टाकले असा अर्थ निघतो. इथे ‘रिलीव्ह्ड’ हवे. पण तेवढ्यानेही भागत नाही. सरकारी कचेरीत बदली झालेल्यालाही कार्यमुक्तच करतात. त्याची नोकरी चालूच असते. म्हणून वरची ‘संदर्भ’ ओळ आधी वाचावी. तिथे राजीनाम्याचा अर्ज आहे की बदलीचा आदेश, त्यावर साऱ्या पत्राचा अर्थ ठरतो. ती ओळ भाषांतरात गाळणे ही मोठी चूक. ‘मध्यान्होत्तर’ही ठेवावे, कारण त्या दिवशी माणूस कामावर होता हे त्यातून कळते.

तारखेत महिना अक्षरी लिहावा. ५/४ म्हणजे आपल्याकडे पाच एप्रिल, अमेरिकेत चार मे. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. शिक्क्यातला मजकूर, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचे पद हेही उतरवावे. अक्षर लागत नसेल तर ‘वाचता येत नाही’ अशी नोंद करावी, अंदाज बांधू नये. हीच भाषांतरे पुढे व्हिसासाठी लागतात. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्क मागतात. इतर देशांचे नियम वेगळे, ते आधी पाहून घ्यावेत.

आणि दाखल्यात कामाचा तपशील तोकडा वाटत असेल, तर तो वाढवून मागायची जागा भाषांतरकार नव्हे. जुन्या संस्थेकडे अर्ज करून कामाचे सविस्तर पत्र मागून घ्या, आणि मग त्याचे भाषांतर करा.